लहान ओव्हनसाठी चालू-बंद तापमान नियंत्रण: प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

विहिरीतील पाण्याची पातळी मोजणाऱ्या लहान सेन्सर-पट्ट्या इपॉक्सी रेझिनमध्ये बंदिस्त करण्याचे काम हाती आहे. वापरात असलेल्या रेझिनच्या माहितीपत्रकानुसार, रेझिन खोलीच्या तापमानाला घट्ट झाल्यावर ते ८० अंश सेल्सिअसवर दोन तास ठेवायचे असते. पट्टीवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ८५ अंशांपर्यंतचे आहेत, त्यामुळे वरची मर्यादा रेझिनपेक्षा कपॅसिटरच ठरवतात. खालच्या बाजूला ७५ अंशांच्या आत रेझिन पक्के होण्याचा वेग बराच कमी होतो. म्हणजे नगाला ७५ ते ८५ या दरम्यान दोन तास ठेवणे एवढीच नियंत्रकाकडून अपेक्षा आहे.

त्यासाठी १९ लिटरचा, १२०० वॉटचा साधा ओटीजी घेतला आहे. तो यापुढे स्वयंपाकासाठी वापरायचा नाही, असे त्याच्या दारावर लिहून ठेवले. त्याच्या मूळ थर्मोस्टॅटची गोल कळ ८० च्या आसपास ठेवून आतल्या हवेचे तापमान पाहिले, तेव्हा ते ६५ पासून ९५ च्या पुढेपर्यंत हेलकावत होते. द्विधातूच्या पट्टीवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटकडून याहून अधिक अपेक्षा करणेही योग्य नव्हे, कारण तो पाव भाजण्यासाठी बनवलेला असतो.

सोबत काम करणाऱ्या मित्राचे मत पडले, "थेट पीआयडीच लाव ना, लायब्ररी तयार मिळते." पीआयडी म्हणजे लक्ष्यापासूनचा फरक, त्याची साठत गेलेली बेरीज आणि त्याच्या बदलाचा वेग पाहून हीटरची शक्ती कमी-जास्त करणारी पद्धत. लायब्ररी मिळते हे खरे आहे, परंतु ती लावण्याआधी ओव्हन कसा वागतो हे मोजून घ्यायचे ठरवले. साध्या चालू-बंद नियंत्रणात हेलकावा किती राहील, हे दोन-तीन मोजमापांवरून आधीच सांगता येते आणि तो आकडा दहा अंशांच्या पट्ट्यात सहज बसत असेल तर पीआयडीचे तीन गुणांक जुळवत बसण्याचे कारण उरत नाही.

६ ऑक्टोबर

जोडणी पूर्ण केली. के-प्रकारचे थर्मोकपल, ते वाचण्यासाठी मॅक्स ६६७५ ही चिप, एक आर्डुइनो नॅनो आणि १० अँपिअरचा साधा रिले, एवढेच सामान आहे. थर्मोकपलचे टोक ट्रेच्या वर साधारण तीन सेंटिमीटर, मधोमध आणि कोणत्याही धातूला न टेकता ठेवले आहे. टोक ओव्हनच्या पत्र्याला टेकले आणि थर्मोकपल आतून आवरणाला जोडलेल्या प्रकारचे असले, तर अर्थिंगमार्गे वाचनात गोंधळ शिरतो आणि आकडे कारणाशिवाय उड्या मारू लागतात.

आतल्या तारांबद्दल एक नोंद आवश्यक आहे. हीटरच्या टोकांपाशी पीव्हीसी आवरणाची तार चालत नाही, ती मऊ होऊन उघडी पडते. काचतंतूचे आवरण असलेली तार आणि दाबून बसवलेले लग वापरले आहेत. तेथे डाख देण्याचा मोह टाळावा, कारण रॉडच्या टोकाजवळचा डाख उष्णतेने सैल होतो. लग आम्ही जवळच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून दाबून आणले. त्यांच्याकडे त्यासाठीची योग्य पकड असते आणि हे काम त्यांच्या रोजच्या सवयीचे असते.

मॅक्स ६६७५ च्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एका वाचनाचे रूपांतर पूर्ण व्हायला या चिपला सुमारे ०.२२ सेकंद लागतात आणि प्रत्येक वेळी वाचन मागितले की चालू असलेले रूपांतर थांबून नव्याने सुरू होते. त्यामुळे लूपमध्ये विनाविलंब वाचत राहिले तर आकडा जागचा हलत नाही. ओव्हन तापत असतो आणि पडद्यावर मात्र ३० अंश गोठलेले दिसतात. येथे सेकंदाला एकच वाचन घेतले आहे. ओव्हनच्या गतीला तेवढे पुरेसे आहे.

८ ऑक्टोबर

आज रिकाम्या ओव्हनवर पहिली चाचणी घेतली. हीटर पूर्ण शक्तीवर, म्हणजे वरचा ६०० वॉटचा गट आणि खालचा ६०० वॉटचा गट दोन्ही समांतर. तापमान ७९ किंवा त्याखाली गेले की हीटर चालू, ८१ किंवा त्यावर गेले की बंद आणि मधल्या दोन अंशांत जी स्थिती असेल तीच कायम. या मधल्या पट्ट्यालाच हिस्टेरेसिस म्हणतात.

हा पट्टा का हवा, हे पाहण्यासाठी काही वेळ तो शून्य करून पाहिला. चिपचे सर्वांत लहान पाऊल पाव अंशाचे आहे आणि तापमान स्थिर असतानाही वाचन एक-दोन पावले इकडेतिकडे होते. पट्टा नसेल तर ८० च्या सीमेवर प्रत्येक सेकंदाला रिले टकटक करतो. पट्टा या थरथरीच्या किमान दुप्पट तरी असावा, म्हणजे येथे एक अंशाहून कमी नको. दोन अंश हा सुरक्षित आकडा वाटला.

आता मुख्य निरीक्षण. पहिल्यांदा तापताना हीटर ८१ वर बंद झाला, तरी हवा ९३ पर्यंत चढली. त्यानंतरच्या आवर्तनांत ती ८८.५ पर्यंत चढत आणि ७८.५ पर्यंत उतरत राहिली. पहिला चढ जास्त असण्याचे कारण उघड आहे: थंड ओव्हन तापवताना हीटरचे रॉड सलग अडीच मिनिटे तापलेले असतात, तर नंतरच्या आवर्तनांत ते जेमतेम अर्धा मिनिट चालू राहतात, त्यामुळे बंद झाल्यावर त्यांच्यात शिल्लक राहणारी उष्णताही कमी असते.

दोन अंशांचा पट्टा दिलेला असताना हेलकावा दहा अंशांचा आहे. शिवाय तो एकांगी आहे: ८० च्या वर साडेआठ, खाली फक्त दीड. परिणामी सरासरीही ८० न राहता ८३.५ च्या घरात जाते. ८५ अंशांच्या कपॅसिटरला हे परवडणारे नाही.

९ ऑक्टोबर

कालच्या नोंदीतून तीन आकडे काढले. ८० च्या जवळ हीटर चालू असताना तापमान सेकंदाला ०.३० अंशांनी चढते. हीटर बंद असताना, सुरुवातीची सुस्ती संपल्यावर, ते सेकंदाला ०.०४ अंशांनी उतरते. हीटर बंद केल्यावर तापमान ७.५ अंश अधिक चढले, म्हणजे चढण्याच्या वेगाने भागल्यास ओव्हनचा परिणामी विलंब २५ सेकंद येतो. हीटरला दिलेला आदेश सेन्सरपर्यंत पोहोचायला सरासरी इतका वेळ लागतो, असा याचा अर्थ.

या तीन आकड्यांवरून पुढचे सगळे सांगता येते. हीटर चालू असताना मिळणारी उष्णता वजा बाहेर जाणारी उष्णता यातून चढ होतो आणि बंद असताना केवळ बाहेर जाणाऱ्या उष्णतेमुळे उतार होतो. म्हणून दोन्ही वेगांची बेरीज, ०.३४ अंश प्रति सेकंद, ही निव्वळ हीटरची शक्ती भागिले ओव्हनची उष्णताधारकता एवढी असते. १२०० भागिले ०.३४, म्हणजे ओव्हनला एक अंश तापायला सुमारे ३५३० ज्यूल लागतात. त्याला ०.०४ ने गुणले की ८० अंशांवर ओव्हनमधून बाहेर झिरपणारी शक्ती मिळते, ती सुमारे १४१ वॉट.

हा शेवटचा आकडा पाहून थबकायला झाले. ८० अंश टिकवायला लागतात १४१ वॉट आणि आपण प्रत्येक वेळी सोडतो १२०० वॉट. साडेआठपट मोठा हातोडा वापरल्यावर खिळा वाकणारच.

हेलकाव्याचे सूत्र असे मांडता येते:

```
D = H + P·L/C
```

येथे `D` म्हणजे एकूण हेलकावा, `H` म्हणजे हिस्टेरेसिसचा पट्टा, `P` हीटरची शक्ती, `L` विलंब आणि `C` उष्णताधारकता. वर जाताना चढाचा वेग गुणिले विलंब इतके आणि खाली जाताना उताराचा वेग गुणिले विलंब इतके तापमान पट्ट्याबाहेर जाते. दोन्ही वेगांची बेरीज `P/C` असल्यामुळे सूत्र इतके सुटसुटीत होते. आमच्या आकड्यांनी २ + ८.५ = १०.५ अंश येतात आणि प्रत्यक्षात १० मोजले होते.

यातून निघणारी पहिली गोष्ट अशी की पट्टा अरुंद करून फारसे काही साधत नाही. पट्टा दोनवरून अर्ध्या अंशावर आणला तरी हेलकावा ९ राहतो आणि रिलेची टकटक तेवढी वाढते. लक्ष द्यायचे ते दुसऱ्या पदाकडे. तेथे `L` कमी करता येतो, `C` वाढवता येते किंवा `P` कमी करता येते. या तिघांतले सर्वांत स्वस्त काम शक्ती कमी करण्याचे आहे.

१२ ऑक्टोबर

ओव्हनच्या हीटरचे दोन गट आजवर समांतर होते. ते आज एकसरीत जोडले. प्रत्येक गटाला २३० ऐवजी ११५ व्होल्ट मिळतात, शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ६०० चे १५० वॉट होतात आणि एकूण शक्ती १२०० वरून ३०० वर येते. यासाठी कोणताही नवा भाग विकत घ्यावा लागला नाही, फक्त आतली एक तार वेगळ्या ठिकाणी गेली. नुसता खालचा गट वापरून ६०० वॉटवरही काम भागू शकले असते, परंतु मग किरणांनी येणारी सगळी उष्णता ट्रेच्या बुडाला लागते. एकसरीत वरचे आणि खालचे दोन्ही रॉड मंद तापतात, ते लालही होत नाहीत आणि ट्रेवरचे नग दोन्ही बाजूंनी सारखे तापतात.

चाचणीआधी सूत्राने अंदाज काढून ठेवला. चढाचा वेग (३०० − १४१) भागिले ३५३०, म्हणजे ०.०४५ अंश प्रति सेकंद. एकूण हेलकावा २ + २.१ = ४.१ अंश. चढ आणि उतार यांचे वेग आता जवळजवळ सारखे असल्याने हेलकावा ८० च्या दोन्ही बाजूंना समान राहावा.

प्रत्यक्षात हवा ७८.२५ ते ८१.७५ या दरम्यान फिरली, म्हणजे साडेतीन अंश. एक आवर्तन पावणेतीन मिनिटांच्या आसपास पूर्ण होते. अंदाज ४.१ आणि मोजमाप ३.५ यांतील फरकाचे कारण सूत्राच्या गृहीतकात आहे. सूत्र सगळा विलंब निव्वळ प्रतीक्षेसारखा मानते, जणू पंचवीस सेकंद काहीच घडत नाही आणि नंतर एकदम घडते. खऱ्या ओव्हनमध्ये विलंबाचा बराच भाग रॉड हळूहळू निवण्याचा असतो. चढ तीव्र असताना या निवण्याच्या काळात तापमान बरेच पुढे जाते, पण चढ मंद असेल तर निवता निवताच उतार सुरू होतो. म्हणून कमी शक्तीवर सूत्र थोडे निराशावादी उत्तर देते. निर्णय घेताना अशी चूक सुरक्षित बाजूची असते, त्यामुळे सूत्रात अधिक बारकावे घालण्याची गरज वाटली नाही.

याची किंमत म्हणजे तापायला लागणारा वेळ. पूर्वी ३० वरून ८० वर जायला तीन मिनिटेही लागत नव्हती, आता साधारण तेरा लागतात. नग दोन तास आत राहणार असतील तर या दहा मिनिटांचा हिशेब करण्यात अर्थ नाही. तापताना पूर्ण शक्ती आणि ६० च्या पुढे एकसर जोडणी, असा दुसरा रिले घालून वेळ वाचवता येईल. मात्र एकसर आणि समांतर यांची अदलाबदल करणारे संपर्क चुकीच्या क्रमाने बंद झाले तर थेट शॉर्टसर्किट होऊ शकते. दहा मिनिटांसाठी हा धोका नको.

१३ ऑक्टोबर

हवेचे तापमान फिरते म्हणून नगाचेही तेवढेच फिरते असे नाही. रेझिन भरून घट्ट झालेल्या एका टाकाऊ नगाच्या पोटात दुसरे थर्मोकपल बसवले होते, त्याच्या नोंदी आज पाहिल्या. नगाचा कालस्थिरांक सुमारे पाच मिनिटे येतो, म्हणजे हवा अचानक बदलली तर नग पाच मिनिटांत त्या बदलाचा ६३ टक्के भाग गाठतो. पावणेतीन मिनिटांचा हेलकावा अशा नगापर्यंत पोहोचता पोहोचता दहाएक पटींनी विरतो. हवा पावणेदोन अंश वरखाली होत असताना नगाचा आकडा ८० वर पाव अंशाच्या एका पावलाइतकाच हलताना दिसला.

यावरून असाही प्रश्न निघतो की मग १२०० वॉटवरही नगाला काय फरक पडला असता? हेलकाव्याच्या बाबतीत खरोखर फार फरक पडला नसता, कारण नगाने तोही बहुतांश गाळून टाकला असता. अडचण दुसरी आहे. नग हेलकावा गाळतो, सरासरी गाळत नाही. सरासरी ८३.५ राहिली असती आणि ती ओव्हन रिकामा आहे की भरलेला, व्होल्टेज कमी आहे की जास्त, यावर बदलत राहिली असती. शिवाय लाल तापलेल्या रॉडसमोरील नगाचा पृष्ठभाग किरणांमुळे हवेपेक्षाही अधिक तापतो आणि ते हवेतील थर्मोकपलला दिसत नाही.

१५ ऑक्टोबर

आज नियंत्रकाच्या लेखी भागाकडे वळलो. मुख्य तर्क दोन ओळींचाच आहे, पण त्या दोन ओळींत एक सापळा आहे. थर्मोकपलची तार तुटली की मॅक्स ६६७५ ची नेहमीची लायब्ररी अंकाऐवजी `NAN` परत देते. `NAN` ची कोणत्याही अंकाशी तुलना केली तर उत्तर नेहमी खोटे येते. म्हणजे "८१ पेक्षा जास्त आहे का" हेही खोटे आणि "७९ पेक्षा कमी आहे का" हेही खोटे. परिणामी दोन्ही अटी गळतात आणि हीटर होता त्या स्थितीत राहतो. तार तुटताना तो चालू असेल तर चालूच राहतो. म्हणून ही तपासणी सर्वांत आधी हवी:

```cpp
float t = tc.readCelsius();
if (isnan(t) || t > 90)   fault = true;
if (fault)                heater = false;
else if (t >= 81)         heater = false;
else if (t <= 79)         heater = true;
digitalWrite(RELAY, heater ? HIGH : LOW);
```

`fault` एकदा खरे झाले की वीज बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत तसेच राहते. बिघाड आपोआप नाहीसा झाला म्हणून ओव्हनने आपोआप पुन्हा तापू नये, हा त्यामागचा हेतू आहे.

तार न तुटता थर्मोकपल ओव्हनमधून बाहेर सरकले तर वाचन व्यवस्थित येते, फक्त ते खोलीचे असते आणि हीटर कधीच बंद होत नाही. दार उघडताना तार ओढली जाऊन असे सहज होऊ शकते. यासाठी वेगळी अट घातली: हीटर सलग दहा मिनिटे चालू राहूनही वाचन पाच अंशांनी चढले नाही, तर बिघाड. थर्मोकपलच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर ओव्हन तापताना आकडा उतरतो, तो प्रकारही याच अटीत पकडला जातो.

प्रोग्राम कितीही काळजीपूर्वक लिहिला तरी रिलेचे संपर्क चिकटले तर तो काहीच करू शकत नाही. म्हणून ओव्हनचा मूळ थर्मोस्टॅट काढून टाकलेला नाही. तो रिलेच्या एकसरीत आहे आणि त्याची कळ १०० अंशांच्या आसपास तुटेल अशा ठिकाणी घट्ट बसवून टाकली आहे. नियंत्रणासाठी तो निरुपयोगी असला तरी राखणदार म्हणून उत्तम आहे, कारण त्याचा प्रोग्रामशी, चिपशी आणि पाच व्होल्टच्या पुरवठ्याशी काहीच संबंध नाही. तो थंड झाल्यावर पुन्हा आपोआप जोडतो, त्यामुळे त्याच्याही पलीकडे एकदाच वितळणारा थर्मल फ्यूज लावला आहे.

शक्ती कमी करण्याचा आणखी एक लाभ येथे ध्यानात आला. ३०० वॉटवर दोन्ही राखणदार निकामी होऊन हीटर कायमचा चालू राहिला तरी हिशेबाने ओव्हन १३६ अंशांच्या आसपास स्थिरावतो, कारण तेथे बाहेर जाणारी उष्णता आत येणाऱ्या उष्णतेइतकी होते. नग वाया जातील, पण आगीची वेळ येणार नाही. १२०० वॉटवर असे म्हणता आले नसते.

१६ ऑक्टोबर

रिलेच्या आयुष्याचा हिशेब. अशा स्वस्त रिलेला पूर्ण भारावर एक लाख वेळा चालू-बंद होण्याचे आयुष्य दिलेले असते. आमच्या ओव्हनमध्ये तो तासाला बावीसेक वेळा चालू होतो, म्हणजे एक लाखाला साडेचार हजार तास; शिवाय प्रवाह १० ऐवजी १.३ अँपिअर आहे, त्यामुळे प्रत्यक्षात तो याहून अधिक टिकावा. याच रिलेवर पीआयडी बसवून दोन सेकंदांच्या खिडकीत शक्ती कमी-जास्त केली असती तर तासाला अठराशे वेळा, म्हणजे पंचावन्न तासांत एक लाख. पीआयडी घ्यायचे तर सॉलिड स्टेट रिले आणि त्याला उष्णता-शोषक घेणे ओघाने आलेच. त्या रिलेची खोड अशी की निकामी झाल्यावर तो बहुधा चालू स्थितीतच अडकतो.

१९ ऑक्टोबर

आज संध्याकाळी व्होल्टेज १९५ पर्यंत उतरले होते. आमच्या भागात पंप सुरू होण्याच्या वेळी हे नेहमीचे आहे, त्यामुळे चाचणी आपोआपच झाली. ३०० वॉटचे २१६ वॉट झाले. तापायला तेराऐवजी बावीस मिनिटांच्या आसपास लागली, हीटर चालू राहण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ६५ च्या घरात गेले, आणि हेलकावा किंचित कमीच झाला. नियंत्रकाला काहीही सांगावे लागले नाही. पीआयडीच्या बाबतीत गुणांक ज्या शक्तीला जुळवलेले असतात ती पाव हिश्श्याने घटली तर वर्तन थोडे बदलते, एरवी तेही चालून जाते. पण चालू-बंद पद्धतीत जुळवलेले असे काही नसल्यामुळे बिघडण्यासारखेही काही नसते. हिशेबाने १५८ व्होल्टच्या खाली मात्र हा हीटर ८० अंश धरू शकणार नाही. तेथे पद्धत कोणतीही असो, वॉटच कमी पडतात.

२० ऑक्टोबर

ट्रे नगांनी पूर्ण भरून चार ठिकाणी थर्मोकपल ठेवली. मागच्या कोपऱ्यात ८२ आणि दाराच्या काचेजवळ ७६ अंश, म्हणजे जागेजागेतला फरक सहा अंशांचा. वेळेनुसार होणाऱ्या साडेतीन अंशांच्या हेलकाव्यापेक्षा हा मोठा आहे आणि नगाच्या वस्तुमानाने तो विरतही नाही, कारण दाराजवळचा नग दोन्ही तास ७६ वरच राहतो. पीआयडीने थर्मोकपलच्या टोकाशी तापमान रेषेसारखे सरळ केले असते, तरी दाराजवळचे ७६ तसेच राहिले असते.

तूर्त दाराकडची एक ओळ रिकामी ठेवायची आणि खालच्या रॉडवर ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा आडवा ठेवायचा, असे ठरवले. पत्रा ठेवल्यावर उरलेल्या ट्रेवरचा फरक तीन अंशांवर आला. भरलेल्या ओव्हनमध्ये वस्तुमान वाढल्यामुळे हेलकावाही रिकाम्यापेक्षा कमी मिळाला, म्हणून चाचण्या रिकाम्या ओव्हनवर घेणे योग्यच होते, कारण तीच सर्वांत प्रतिकूल स्थिती असते.

२६ ऑक्टोबर

मित्राने याच ओव्हनबाबत दोन नव्या मागण्या पुढे केल्या आणि दोन्हींची उत्तरे वेगवेगळी आली.

पहिली मागणी तापमान-सेन्सर पडताळण्यासाठी हवा अर्ध्या अंशाच्या आत स्थिर ठेवण्याची आहे. सूत्रात पट्टा शून्य धरला तरी `P·L/C` हे पद एकटेच २.१ अंश देते, त्यामुळे आहे त्या स्थितीत चालू-बंद नियंत्रणाला ते जमणार नाही. आधी आत पंखा लावून विलंब कमी करावा लागेल. पंख्याने जागेजागेतला फरकही आटोक्यात येईल. त्यानंतर उरलेल्या हेलकाव्यासाठी सॉलिड स्टेट रिले आणि पीआयडी घेणे रास्त ठरेल. किंवा सेन्सर एका जाड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवून पडताळावेत, म्हणजे हवेचा हेलकावा ठोकळाच गाळेल आणि नियंत्रक आहे तसाच ठेवता येईल. मला हा दुसरा मार्ग अधिक पटतो.

दुसरी मागणी डाखाची पेस्ट वितळवून सुटे भाग बसवण्याची आहे. तेथे तापमान एका जागी धरायचे नसते, ठरलेल्या वेगाने चढवायचे, थोडा वेळ रोखायचे, शिखरावर न्यायचे आणि लगेच उतरवायचे असते. शिसेविरहित पेस्ट २१७ अंशांच्या पुढे वितळते, म्हणजे ३०० वॉटवर तेथे पोहोचताच येणार नाही आणि पूर्ण शक्तीवर चालू-बंद पद्धत दर वेळी लक्ष्याच्या पुढे धावेल. हलत्या लक्ष्यामागे जाण्यासाठी किती मागे आहोत आणि किती वेगाने जवळ येत आहोत, हे दोन्ही पाहणारा नियंत्रक हवा. हे काम पीआयडीचेच आहे आणि त्यासाठी वेगळा ओव्हन घ्यावा, असे मित्राला कळवले.

रेझिनच्या कामासाठी ७९ आणि ८१ हे दोन आकडे प्रोग्राममध्ये कायम केले. थर्मल फ्यूजचा एक जादा नग ओव्हनच्या मागे पिशवीत बांधून ठेवला आहे. पुढील तुकडी सोमवारी आत जाईल.